मामांचा चाळीस नंबर

आपल्या शर्टाचा नंबर चाळीस आहे, याविषयी आमच्या मामांच्या मनात कधीही शंका आलेली नाही. गिरगावातला त्यांचा शिंपी दुकान बंद करून कायमचा गावी जाईपर्यंत या खात्रीची परीक्षा घेण्याचा प्रसंगही आला नव्हता, कारण मापे शिंप्याच्या वहीत असत आणि मामांना फक्त कापड पसंत करावे लागे. शिंपी गेला, त्याच्याबरोबर वही गेली आणि मामांचे शर्ट ऑनलाइन मागवण्याचे काम माझ्याकडे आले. “त्यात काय आहे, चाळीस लिही आणि मागव,” एवढेच त्यांचे मागणीपत्र होते.

आता अडचण अशी की, चाळीस हा आकडा दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. आपल्याकडच्या पुरुषांच्या फॉर्मल शर्टांवर ३९, ४०, ४२ असे जे आकडे असतात, ते पुष्कळदा कॉलरचे, म्हणजे गळ्याच्या घेराचे, सेंटिमीटरमधले माप असते. उलट साध्या रोजच्या शर्टांवर तोच ४० पुष्कळदा छातीचा, इंचांतला असतो. चाळीस सेंटिमीटर म्हणजे पावणेसोळा इंच. मामांच्या कपाटाच्या तळाशी त्यांचा एकमेव जुना रेडिमेड शर्ट सापडला, त्यावरचा ४० हा कॉलरचा निघाला. म्हणजे इतकी वर्षे मामा स्वतःची मान सांगत होते आणि ऐकणारा छाती समजत होता. हे मी त्यांना समजावून सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे चाळीसच ना?”

छाती मोजायला मी टेप घेतली, तर मामांनी श्वास आत ओढला आणि पोटही आत घेतले. “हेच माझे नेहमीचे पोट आहे,” असे त्यांनी शक्य तितक्या कमी हवेत सांगितले. मामी स्वयंपाकघरातून नुसत्या हसल्या. अशा वेळी माणूस मोजण्याच्या भानगडीत न पडता त्याचा अंगाला बरोबर बसणारा शर्ट मोजावा, कारण शर्टाला श्वास रोखून धरता येत नाही. शिंप्याने शिवलेला शेवटचा शर्ट मी दिवाणावर पसरला, सगळी बटणे लावली, सुरकुत्या हाताने सारख्या केल्या आणि एका बगलेच्या शिवणीखाली इंचभर टेप ठेवून ती दुसऱ्या बगलेपर्यंत सरळ नेली. तेवीस इंच भरले. दुप्पट केल्यावर छातीचा घेर शेहेचाळीस झाला. पोटाच्या उंचीवरही तेवढाच घेर होता. शिंपी गावी गेला खरा, पण मामांच्या पोटाविषयीचे सत्य तो शिवणीत ठेवून गेला होता. एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या खांद्याच्या शिवणीपर्यंत साडेअठरा इंच होते आणि कॉलरलगतच्या खांद्यापासून खालच्या कडेपर्यंत उंची साडेएकोणतीस.

पुढे मामा झोपल्यावर मी त्यांची छाती मोजण्याचा विचार केला होता, पण मामींनी तो हाणून पाडला. शेवटी त्यांनी स्वतःच टेप धरली, तेव्हा मामांची छाती एक्केचाळीस आणि पोट त्रेचाळीस भरले. अंग त्रेचाळीस आणि शर्ट शेहेचाळीस, यातला तीन इंचांचा फरक म्हणजेच सैलपणा. तो नसेल तर माणसाला बसता येत नाही आणि चर्नी रोडला गाडीत शिरल्यावर वरची कडी धरता येत नाही. साइज चार्ट वाचताना सारा घोळ इथेच होतो. काही चार्टमध्ये अंगाचे माप दिलेले असते, म्हणजे ‘एवढ्या छातीच्या माणसाने हा घ्यावा’ असे. काहींमध्ये तयार कपड्याचे माप असते. आणि काहींमध्ये दोन्ही असतात, फक्त एक दिसते आणि दुसरे बारीक अक्षरांतल्या बटणामागे दडलेले असते. एका ठिकाणी छातीसमोर नुसता ५८ हा आकडा होता. तो पाहून मामा दचकले. तो सेंटिमीटरमधला, शर्ट आडवा पसरून घेतलेला अर्धा घेर होता. दुप्पट केल्यावर एकशे सोळा सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम पावणेशेहेचाळीस इंच. शेहेचाळीसचा शर्ट हवा म्हणून अंगाच्या चार्टमधला ४६ निवडला असता, तर पन्नासच्या आसपास घेराचा तंबू आला असता. आणि अंग त्रेचाळीस म्हणून कपड्याच्या चार्टमधला ४४ घेतला असता, तर पोटावरच्या दोन बटणांमधून बनियनने बाहेर डोकावून पाहिले असते.

प्रत्येक कंपनी आपापल्या नमुन्याच्या देहावरून आपला चार्ट बनवते, म्हणून एकीचा ४२ दुसरीच्या ४२ला ओळख देत नाही. भारतीय देहांची आपली अशी प्रमाण मापे असावीत म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, ‘इंडियासाइज’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. मुंबईसह सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या सुमारे २५ हजार लोकांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्याची ती योजना. मी हे मामांना वाचून दाखवले. मामा अडुसष्ट वर्षांचे आहेत. “म्हणजे पासष्टनंतर माणसाला पोट नसते, असे त्यांचे म्हणणे आहे का?” असे त्यांनी विचारले आणि त्या दिवशीची चर्चा तिथेच संपली.

कापडाचा प्रश्न मामांच्या दृष्टीने सोपा होता: कॉटन. पण पडद्यावर ‘कॉटन ब्लेंड’ असे लिहिलेले होते आणि त्यात कॉटन किती, याचा टक्का कुठेही नव्हता. टक्का लपवला की तो लपवण्यासारखाच असतो, असे माझे मत आहे. सुती धागा हवेतली ओल आपल्या वजनाच्या सात-आठ टक्क्यांपर्यंत सहज शोषून घेतो, तर पॉलिस्टर अर्धा टक्कादेखील घेत नाही. त्यामुळे ऑक्टोबरच्या उकाड्यात पॉलिस्टरचा घाम कापडात न मुरता पाठीवरूनच खाली उतरतो. शंभर टक्के सुती कापडाचे दुखणे वेगळे. ते आधी आटवून घेतलेले नसेल, तर पहिल्या धुण्यात आटते. तीन टक्के म्हटले तरी शेहेचाळीस इंचांतून जवळजवळ दीड इंच जातो, म्हणजे मामांच्या सैलपणाचा निम्मा वाटा बादलीतच राहतो. म्हणून वर्णनात ‘प्री-श्रंक’ हा शब्द आहे का, हे पाहावे. नसेल, तर इंचभर मोठा घ्यावा. ग्राहकांच्या अभिप्रायांचा या बाबतीत फारसा उपयोग झाला नाही. तिथे ‘पार्सल वेळेवर आले, पाच तारे’ असे लिहिणारे पुष्कळ होते आणि शर्ट धुऊन पाहिलेला एकही नव्हता.

बऱ्याच वाटाघाटींनंतर मामा बेचाळीसवर आले. चार्टनुसार त्या शर्टाचा घेर साडेशेहेचाळीस होता. तो मागवण्याआधी मी परतीच्या अटी वाचल्या, कारण ‘सहज परत करा’ या ठळक ओळीखाली बरेच काही अवघड लिहिलेले असते. मुदत सात दिवसांची होती आणि ती पार्सल उघडल्यापासून नव्हे, तर पोहोचल्यापासून मोजली जाणार होती. आमच्याकडे पार्सल पोहोचते ते वॉचमनच्या टेबलाखाली. साइज बसली नाही तर फक्त बदलून मिळणार होते. वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल, तरच पैसे परत. टॅग शाबूत हवा, कापडावर डाग किंवा वास नको.

शर्ट आला तेव्हा मामा आंघोळ करून, मानेला पावडर लावून तयार उभे होते आणि टॅग कापायला त्यांनी हातात कात्री घेतली होती. मी आधी कात्री घेतली, मग त्यांना मान पुसून यायला सांगितले, कारण कॉलरच्या आतल्या घडीवर पावडरचा पांढरा पट्टा उमटला की तो शर्ट ‘वापरलेला’ ठरतो. अंगात घालण्यापूर्वी शर्ट दिवाणावर पसरला. बगल ते बगल बावीस. म्हणजे घेर चव्वेचाळीस, चार्टपेक्षा अडीच इंच कमी. शिलाईत घेराला अर्धा-एक इंच इकडेतिकडे होतो, तेवढे चालवून घ्यावे. अडीच इंच ही शिलाईतली चूक नव्हे, ते दुसऱ्याच साइजचे लेबल असते.

परतीचे कारण निवडायची वेळ आली, तेव्हा मामा म्हणाले, “लहान झाला म्हणून लिही, कशाला कोणाला दुखवायचे?” पण ‘लहान झाला’ हा आपला दोष ठरतो आणि पदरी फक्त बदली शर्ट पडतो. मी ‘वर्णनाप्रमाणे नाही’ हे कारण निवडले आणि शर्टावर टेप ठेवून, आकडा स्पष्ट दिसेल असा फोटो चार्टच्या चित्रासह जोडला. २०२०च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. तरीही कोणी अडवलेच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मी हाताशी ठेवला होता. तो लावावा लागला नाही. शर्ट न्यायला आलेल्या मुलाने दारातच टॅग पाहिला, कॉलर उलटून पाहिली, नाकाजवळ नेऊन हुंगली आणि मान डोलावली. मामांना हा हुंगण्याचा प्रकार अतिशय अपमानास्पद वाटला.

पैसे रोखीने दिलेले असल्यामुळे परतीसाठी बँकेचा खातेक्रमांक मागितला गेला. मामांनी तो देण्यास साफ नकार दिला. ज्या मुलाने शर्ट नेला, त्यानेच नोटा आणून द्याव्यात, असा त्यांचा प्रस्ताव होता. अखेर पैसे माझ्या खात्यात आले आणि ते मी मामांना मोजून दिले. त्यांनीही ते मोजून घेतले.

दुसऱ्या विक्रेत्याकडे शंभर टक्के सुती, आधी आटवलेला, सत्तेचाळीस इंच घेराचा शर्ट मिळाला. तो टेपलाही सत्तेचाळीसच भरला, खांदा साडेअठरा आणि उंची बरोबर. मामांनी दोन्ही हात वर करून पाहिले, खुर्चीत बसून पाहिले, आरशासमोर बाजूने उभे राहून पाहिले आणि शर्ट उत्तम असल्याचे मान्य केले. फक्त त्याच्या कॉलरमागच्या लेबलावर ४४ असे लिहिलेले आहे आणि ते लेबल आत्ताच्या आत्ता कापून टाकावे, असे त्यांचे म्हणणे आहे. परतीची मुदत शुक्रवारी संपते; तोपर्यंत कात्री माझ्या पर्समध्ये आहे.