ग्लुथ, सेक्रेटरीकाका आणि हीलर

काल रात्री गेममध्ये दहा माणसं मेली आणि खापर एकट्या माझ्या डोक्यावर फुटलं. तेही चालू माइकवर, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांच्या साक्षीने.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेममधला नॅक्सरामस हा रेड, म्हणजे टोळीने मिळून राक्षस मारायची मोहीम, 2006 साली 40 जणांसाठी आला आणि 2008 मध्ये 10 आणि 25 जणांसाठी पुन्हा नव्याने बांधला गेला. आम्ही दहाचा खेळतो. दोन टँक, दोन हीलर, सहा डीपीएस. टँकने मार खायचा, हीलरने त्याला जगवायचं आणि डीपीएसने राक्षसाला झोडपायचं. रेड साडेनऊला सुरू होतो, म्हणजे दहाला, कारण आमचा दुसरा टँक त्या वेळी घोडबंदर रोडवर अडकलेला असतो आणि घरी पोचला की माइक चालू ठेवून जेवतो. दुसरी हीलर ऐरोलीची. तिने बाकीच्यांना सांभाळायचं आणि मी दोन्ही टँकना, असं ठरलेलं.

काका आले ते भटक्या कुत्र्यांच्या अर्जावर सही घ्यायला. बायकोने दार उघडलं आणि “आहेत ना, गेम खेळतायत” असं सांगून मोकळी झाली. मी हातानेच ‘बसा’ अशी खूण केली. काका बसले नाहीत. खुर्चीच्या मागे येऊन उभे राहिले. स्क्रीनवर नेमका ग्लुथ होता. ग्लुथ म्हणजे टेम्पोएवढा, ठिकठिकाणी शिवलेला, मेलेला कुत्रा.

“हा कोणाचा?” काकांनी विचारलं.

“काका, दहा मिनिटं द्या फक्त.”

“याला खायला कोण घालतं?”

गंमत अशी की प्रश्न बरोबर होता. ग्लुथच्या खोलीत झाँबी येत राहतात आणि ते त्याच्यापर्यंत पोचले की तो त्यांना खातो. प्रत्येक झाँबीमागे त्याची ताकद 5 टक्क्यांनी भरून निघते. म्हणून एक जण त्या झाँबींना खोलीभर फिरवत लांब ठेवतो. हे मी सांगितलं ही घोडचूक, कारण काकांना वाटलं आता प्रश्नोत्तराचा तास सुरू झाला.

“आणि तो त्या एकालाच का चावतोय? बाकीचे नऊ काय त्याचे पाहुणे?”

काका बँकेतून निवृत्त झालेत, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगितलं. प्रत्येक राक्षसाकडे एक खतावणी असते. कोणी किती मारलं, कोणी किती बरं केलं, सगळं तिच्यात चढतं. त्याला थ्रेट म्हणतात. टँकच्या फटक्यांना जादा थ्रेट मिळतो, म्हणून तो सगळ्यांच्या वर राहतो आणि ज्याच्या नावावर सर्वांत जास्त, त्याच्या अंगावर राक्षस जातो. आम्ही बरं करतो त्याचाही थ्रेट चढतो, पण मारण्याच्या साधारण निम्म्याने.

“म्हणजे औषध देणाऱ्यावरही राग धरतो?”

“धरतो.”

“मग त्याला अक्कल असती तर त्याने पहिलं तुलाच खाल्लं असतं.”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. अख्खा रेड उभा आहे तो राक्षसाला एवढी अक्कल नाही या एकाच पायावर. काकांनी तो दोन मिनिटांत उघडा पाडला आणि वर “आपल्या गेटवरचा काळा यापेक्षा हुशार आहे” असंही म्हणाले. मग त्या काळ्याने कोणाची चप्पल नेली, पार्किंगमध्ये कोण बिस्किटं टाकतं, मागच्या सभेत कोण कोणाला काय बोललं, हे सगळं माझ्या उजव्या कानात. डाव्या कानात आमचा दुसरा टँक भाकरी चावत होता.

इथे दोन टँक का लागतात ते सांगायला हवं, नाहीतर माझी तक्रार कळायची नाही. ग्लुथच्या चाव्याने मॉर्टल वूंड नावाचा घाव बसतो. प्रत्येक घावागणिक त्या टँकला मिळणारं औषध 10 टक्क्यांनी कमी लागू पडतं आणि घाव एकावर एक चढत जातात. मी 10,000 चं औषध टाकलं तर तीन घावांवर 7,000 पोचतं, सातव्या घावाला फक्त 3,000. चावा मात्र पूर्वीइतकाच. म्हणून तीन-चार घाव झाले की दुसऱ्या टँकने टाँट करायचं. टाँट केलं की त्याचा थ्रेट खतावणीत सर्वांत वरच्याइतका होतो आणि कुत्रा त्याच्याकडे वळतो. पहिल्याला 15 सेकंद नवा घाव बसला नाही की जुने गळून पडतात. मग पुन्हा अदलाबदल. एवढंच.

तीन झाले. चार झाले. भाकरी चालू.

“टाँट!” मी ओरडलो. काका म्हणाले, “हं?”

पाच. सहा. माझा माना, म्हणजे औषधाचं इंधन, मडक्याला भोक पडल्यासारखा उतरायला लागला. सात. आणि त्याच क्षणी ग्लुथने डेसिमेट केलं. डेसिमेट झालं की खोलीतल्या सगळ्यांची ताकद 5 टक्क्यांवर येते. आमचीही आणि झाँबींचीही. हीच वेळ डीपीएसनी कुत्र्याला सोडून अर्धमेले झाँबी उडवण्याची असते. आमच्या सहाही शूरवीरांनी कुत्र्यालाच धरून ठेवलं, कारण कोणी किती मारलं ते दाखवणाऱ्या डॅमेज मीटरवर कुत्र्याचे आकडे छान दिसतात. झाँबी शिस्तीत रांगेने कुत्र्याच्या तोंडाशी गेले. टँक एका चाव्यात गेला, मग डीपीएस एकेक करून, मग ऐरोली, मग मी.

डिस्कॉर्डवर क्षणभर कोणी काही बोललं नाही. मग आमचा रेड लीडर, कळव्याचा, वय वर्षं एकवीस, अत्यंत आदराने म्हणाला, “दादा, झोपलात का?”

मी तोंड उघडायच्या आत काका माइककडे वाकले. “झोपला नव्हता. पण याने काही केलंच नाही. मी बघत होतो ना मघापासून. त्या कुत्र्याकडे एकदाही पाहिलं नाही, नुसते हिरवे खोके दाबत होता.”

आता हे अक्षरशः खरं आहे! हीलरला राक्षस दिसतच नाही. माझ्यासमोर दहा नावांचे दहा हिरवे खोके असतात, ज्याचा हिरवा रंग कमी झाला त्याच्यावर क्लिक. जगातले सगळे राक्षस मी खोक्यांच्या कडेने पाहिलेत. पण हे नऊ जणांना त्या वेळी कोण सांगणार? ते खिदळत होते. कोणीतरी “काका, तुम्हीच या उद्यापासून” म्हणालं. काका चक्क खूश झाले. उद्या किती वाजता, असं विचारून मगच गेले.

रात्री मी लॉग उघडून बघितला. सातव्या घावापर्यंत टाँटची नोंद नाही. डेसिमेटनंतर झाँबींवर डीपीएसचा एकही फटका नाही. स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला. भाकरीवाल्याने अंगठा दाखवला. लीडरने लिहिलं, “बरोबर आहे दादा, पण टँक मेला ना शेवटी.” आता टँक मेला की हीलरचा दोष, डीपीएस स्वतःहून आगीत उभा राहून मेला तरी हीलरचा दोष, आणि राक्षस मेला की मीटरवर पहिला आला त्याचा फोटो. रेड संपल्यावर “आज औषध वेळेवर पोचलं बरं का” असं मला अजून कोणी म्हटलेलं नाही, आणि टँकना जगवताना लागलेल्या माना भरायच्या बाटल्या मी माझ्याच सोन्याने घेतो.

म्हणून पहाटे एकला कळवलं की पुढच्या शनिवारी मी डीपीएस खेळणार. उत्तर लगेच आलं. डीपीएसच्या सहा जागांसाठी अकरा नावं आहेत, तुम्हाला वेटिंगवर टाकतो, तोवर हीलर आणता का कोणी ओळखीचा?