त्या ‘लाचार’ ईमेलबद्दल

प्रतिक्रिया: “ओव्हरक्वालिफाइड म्हणून नकार आला तर काय लिहावं, हा तुमचा लेख वाचला. सतरा वर्षं नोकरी करून मॅनेजर झालेल्या माणसाने ‘मला छोटं पद चालेल’ म्हणून ईमेल पाठवायची ही शुद्ध लाचारी आहे. एवढं लांब पत्र वाचतं कोण? पगाराचा आकडा आपणहून सांगणं तर मूर्खपणाच. त्यापेक्षा सीव्हीतली सात-आठ वर्षं काढून टाकावीत, कॉल येतात. बाहेर बसून सल्ले देणं सोपं असतं.”

आपण वेळ काढून लिहिलंत, आभार. पत्र लांब होतं, हे मान्य. मोजून पाहिलं तर तीनशेच्या वर शब्द भरले. प्लांटचा क्वालिटी हेड असं पत्र दोन मीटिंगच्या मध्ये फोनवर वाचतो, त्याला दीडशेच्या आसपासच हवं. खाली कापून छोटं केलं आहे. ‘बाहेर बसून’ म्हणाल तर अकरा वर्षं मी भरतीच्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत होतो, त्यातली बरीचशी चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या सुट्या भागांच्या कारखान्यांसाठी. एवढं पुरे.

आता ‘लाचारी’. हा शब्द आपण फार सहज फेकलात. “कोणतंही काम करीन, पगार तुम्ही ठरवा, फक्त एक संधी द्या” असं लिहिलं तर ती लाचारी, आणि असं पत्र मीही बाजूला ठेवलं असतं. आत्मसन्मानाचा मुद्दा सोडा. त्या पत्रातून वाचणाऱ्याला एकच गोष्ट कळते, की या माणसाला सध्या काहीही चालेल. म्हणजे बरं काही मिळालं की हा जाणार. ज्या भीतीपोटी नकार आला तीच भीती अशा पत्राने पक्की होते.

‘ओव्हरक्वालिफाइड’ हे मुळात कारण नाहीच, ते कारणावरचं झाकण आहे. खाली बहुतेक वेळा तीनांपैकी एक गोष्ट असते. हा सहा महिन्यांत सोडून जाईल. ज्याच्या हाताखाली येणार त्याचा अनुभव याच्यापेक्षा कमी, तो अवघडेल. किंवा हा आता फक्त सह्या करणारा साहेब झालाय, मशिनजवळ उभं राहून माप घेणं विसरला असेल. चौथी गोष्ट भीती नसून नियम असतो. जागा मंजूर करतानाच पाच ते आठ वर्षं अनुभव असं लिहिलेलं असतं आणि त्याबाहेर जायला एचआरला वरून परवानगी घ्यावी लागते. ‘बँड’, ‘ग्रेड’, ‘पॅरिटी’ हे शब्द कानावर आले तर समजावं की अडचण तिथे आहे. मग पत्र एचआरपेक्षा ज्याला माणूस हवा आहे त्या विभागप्रमुखाला लिहावं आणि एचआरला कॉपीत ठेवावं, कारण परवानगीसाठी शब्द तोच टाकू शकतो.

नेमकं कोणतं कारण आहे ते मुलाखतीतल्या प्रश्नांवरून बरंचसं कळतं. “नाशिकलाच का यायचंय?” असं दोनदा विचारलं गेलं तर सोडून जाण्याची भीती. “टीम नसेल तर चालेल ना?” म्हणजे साहेबाला धास्ती. “एट-डी तुम्ही स्वतः भरता की टीम भरते?” एट-डी म्हणजे तक्रारीचं मूळ शोधून उपाय नोंदवायचा अहवाल, तेव्हा हा प्रश्न म्हणजे हाताला गंज चढल्याची शंका. तरीही उलगडलं नाही तर रिक्रूटरला फोन करून सरळ विचारावं, “अडचण वर्षांची आहे, पगाराची आहे की कामाची?” लेखी कुणी सांगत नाही, फोनवर बरेचदा सांगतात. मुलाखत न होता पोर्टलवरूनच नकार आला असेल तर मात्र काहीही लिहू नये. तिथे वर्षांची चाळणी लागलेली असते, माणसाने काही वाचलेलंच नसतं.

मागच्या लेखातलंच उदाहरण घेऊ. चाकणला क्वालिटी मॅनेजर, हाताखाली चौदा माणसं, सीटीसी 24 लाख. अर्ज नाशिकच्या अंबडमधल्या मध्यम आकाराच्या कारखान्यात सिनियर क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी, पट्टा 10 ते 13 लाख, हाताखाली कुणीही नाही. दुसऱ्या फेरीनंतर ‘ओव्हरक्वालिफाइड’चं ठरलेलं वाक्य आलं. उत्तर दुसऱ्या दिवशी जायला हवं. प्रत्यक्षात ते इंग्रजीतच जाईल, इथे मराठीत देतो. त्यातलं पीएसडब्ल्यू म्हणजे पार्ट ग्राहकाकडे मंजुरीला देताना सही करून द्यायचा कागद, पीएफएमईए म्हणजे प्रक्रियेत काय बिघडू शकतं त्याचा आढावा, आणि गेज आर अँड आर म्हणजे मोजणीतच किती फरक पडतो त्याची तपासणी.

“नमस्कार सर. मंगळवारच्या भेटीबद्दल आणि स्पष्ट अभिप्रायाबद्दल आभार. या जागेच्या मानाने माझा अनुभव जास्त आहे ही शंका रास्त आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. या कामात टीम नाही, बजेट नाही आणि पीएसडब्ल्यूवर सही आपली असेल, हे मला मान्य आहे. नव्या पार्टचं पीएफएमईए, कंट्रोल प्लॅन आणि गेज आर अँड आर हेच काम मला हाताने करायचं आहे. गेल्या वर्षी एका हाउसिंगच्या बोअरचा गेज आर अँड आर 24 टक्के येत होता. फिक्श्चर बदलून तो 9 वर आणला, मापं मी स्वतः घेतली होती. कुटुंब जूनपासून नाशिकला स्थायिक झालं आहे. पगार आपल्या पट्ट्यात, 13 लाखांपर्यंत, चालेल. पहिल्या अठरा महिन्यांत पदनाम किंवा ग्रेड बदलून मागणार नाही. सोयीचं असेल तर अर्धा तास शॉप फ्लोअरवर भेटू. एखादी चालू तक्रार दाखवा, मी ती कशी सोडवेन ते तिथेच मांडतो.”

यात लाचारी कुठे दिसते ते आपणच दाखवा. सुरुवातीला शंका ‘रास्त’ म्हटली आहे ती खुशामत म्हणून नाही. तिथे वाद घातला की वाचणारा आपला निर्णय राखायला बसतो, पुढचं वाचतच नाही.

कामाची व्याप्ती कमी आहे हे मान्य करताना काय काय सुटणार त्याची नावं घेतली आहेत. या धंद्यात पीएसडब्ल्यूवरची सही म्हणजे ‘हा पार्ट ग्राहकाच्या अटींप्रमाणे आहे’ ही कंपनीची हमी, आणि बऱ्याच ठिकाणी ती क्वालिटी मॅनेजर करतो. तीच सही सोडतो म्हटल्यावर समोरच्या साहेबाला कळतं की हा माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून येत नाही. नुसतं “छोटी भूमिका मान्य आहे” म्हटलं असतं तर कळलं नसतं. आणि इथेच जाणती माणसं एक चूक करतात. “माझ्या अनुभवाचा फायदा तुमच्या टीमला होईल, मी ज्युनियर मुलांना घडवीन” असं लिहितात. हेतू चांगला असतो, पण कमी अनुभवाच्या साहेबाला त्यात आपलाच पर्याय दिसतो. ते वाक्य काढा.

आवड ‘मनापासून’ या शब्दाने पटत नाही, आकड्याने पटते. गेज आर अँड आर 10 टक्क्यांच्या खाली असला तर मोजणीची पद्धत चांगली, 10 ते 30 मध्ये परिस्थिती पाहून चालवून घ्यायची, 30 च्या वर नाही. 24 वरून 9 वर येणं म्हणजे काय ते क्वालिटीच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, आणि ‘मापं स्वतः घेतली’ याने गंजाची शंका जाते. अट एवढीच की ते खरं हवं, कारण पुढचा प्रश्न “किती पार्ट, किती ऑपरेटर, किती वेळा?” हा येणार. दहा पार्ट, तीन ऑपरेटर, प्रत्येकी तीन वेळा, असं उत्तर तोंडावर नसेल तर तो आकडा लिहूच नये. आणि सध्याच्या कंपनीच्या शीट्स पुरावा म्हणून जोडू नका. त्या ग्राहकाच्या गोपनीय असतात. त्या पाठवणारा उद्या आमच्याही पाठवेल, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

नाशिकचं वाक्य एकच आहे, तेही मुद्दाम. फक्त घरचं कारण दिलं तर कामात रस नाही असं वाटतं. फक्त कामाची आवड सांगितली तर 11 लाख सोडून येणाऱ्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. दोन्ही लागतात, घरचं थोडक्यात. अठरा महिने का? वार्षिक मूल्यमापन साधारण एप्रिलमध्ये येतं, त्यामुळे अठरा महिन्यांत एक फेरी नक्की जाते आणि साहेबाला पहिल्याच वर्षी याच्या बढतीचं काय करायचं हा प्रश्न पडत नाही. “पाच वर्षं कुठेही जाणार नाही” असं लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवणारा एचआर मला अजून भेटायचाय.

पगाराच्या आकड्यावर तुम्ही ‘मूर्खपणा’ म्हणून मोकळे झालात. अहो, चालू सीटीसी तुम्ही फॉर्ममध्ये भरूनच बसलेले असता! आकडा गुप्त नसतोच. गप्प बसलात तर एचआर 24 वर पंचवीस-तीस टक्के धरून बसतं आणि फाइल बंद करतं. आपल्या बाजूने काळजी एकच घ्यायची. लिहिण्याआधी 13 पैकी व्हेरिएबल किती ते विचारायचं आणि पीएफ, कर जाऊन हातात किती येतील ते काढायचं. त्यात घराचा हप्ता बसत नसेल तर हे पत्र पाठवू नये, कारण मग तुमचं ‘चालेल’ खोटं आहे आणि सहा महिन्यांची भीती खरी.

राहिला सीव्ही छाटण्याचा सल्ला. मजकूर कमी करणं वेगळं. जुन्या नोकऱ्या एकेका ओळीत आणा, ‘चौदा जणांचं नेतृत्व’ खाली ढकला, हातच्या कामाला वर घ्या, जरूर. पण सात-आठ वर्षं गायब करायची? पीएफच्या यूएएन क्रमांकाखालच्या सर्व्हिस हिस्टरीत रुजू झाल्याच्या आणि सोडल्याच्या तारखांसकट नोकऱ्या दिसतात आणि पडताळणीत ती मागतात. तोपर्यंत तुम्ही आधीच्या कंपनीत राजीनामा देऊन नोटीस पिरियडमध्ये बसलेले असता. पंजाब नॅशनल बँकेच्या शिपाई भरतीचा खटला पाहा. जाहिरातीत उमेदवार पदवीधर नसावा अशी अट होती, उमेदवाराने पदवी लपवली, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल बँकेच्या बाजूने दिला. जादा पात्रता लपवणं हीसुद्धा लपवाछपवीच धरली गेली. (जाहिरातीतच अशी अट असेल तिथे माझं पत्रही निरुपयोगी आहे, हे सांगून ठेवतो.) असला सल्ला निनावी देता येतो, नोकरी मात्र ज्याची त्याची जाते.

पत्र गेल्यावर सात-आठ कामाच्या दिवसांनी एकदा फोन, तोही रिक्रूटरला, साहेबाला नाही. त्यावरही “सध्या नाही” आलं तर तिसऱ्यांदा लिहू नका. तिसऱ्या पत्राला मात्र तुम्ही लाचारी म्हणालात तर मी वाद घालणार नाही.