पिवळा अवक्षेप म्हणजे शिसेच, असे नाही

“गट पाळण्यात वेळ घालवू नका. मूळ द्रावणात थेट पोटॅशियम क्रोमेट टाका, पिवळा अवक्षेप आला की शिसे. हायड्रोजन सल्फाइड आम्लात सोडा नाहीतर अमोनियात, फरक पडत नाही. प्रत्येक धनायनाची परीक्षा मूळ द्रावणातच होते.”

सोलापुरातल्या शिकवण्यांच्या गटांमधून फिरणारा हा संदेश माझ्या भाचीपर्यंत पोहोचला, तोही प्रयोगपरीक्षेच्या तोंडावर, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

सर्वांत घातक आहे ते क्रोमेटचे विधान. बेरियमही क्रोमेटबरोबर पिवळाच अवक्षेप देतो आणि तोही शिशाच्या अवक्षेपासारखाच ॲसिटिक आम्लात विरघळत नाही. समजा, परीक्षानळीत फक्त बेरियम क्लोराइड आहे. संदेशावर विसंबणारी मुलगी पिवळा रंग पाहून “शिसे” लिहील आणि तिचे उत्तर चुकेल. क्रमाने गेली असती, तर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने काहीच खाली बसले नसते. तेवढ्यावर शिसे नाही असे म्हणता येत नाही, कारण लेड क्लोराइड थंड पाण्यातही 100 मिलिलिटरला सुमारे 1 ग्रॅम विरघळते आणि विरल द्रावणातले शिसे पहिल्या गटातून निसटते. मात्र त्याच आम्लयुक्त द्रावणात हायड्रोजन सल्फाइड सोडल्यावर निसटलेले शिसे काळे होऊन खाली बसते. इथे काळे काहीच आले नाही, म्हणजे शिसे नाही. पुढे अमोनियम कार्बोनेटने पांढरा अवक्षेप मिळतो, तो ॲसिटिक आम्लात विरघळवून क्रोमेट टाकले की येणारा पिवळा रंग बेरियमचा ठरतो. थेट क्रोमेटच वापरायचे असेल, तर निदान त्या अवक्षेपावर सोडियम हायड्रॉक्साइड तरी टाकून पाहावे. त्यात लेड क्रोमेट विरघळते, बेरियम क्रोमेट तसेच राहते. संदेशात याचा उल्लेखही नाही.

आम्ल की अमोनिया, याने फरक पडतोच. साधारण 0.3 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात सल्फाइड आयन इतके कमी उरतात की तांबे व शिसे खाली बसतात, पण जस्त, निकेल आणि मँगनीज द्रावणातच राहतात. सुरुवातीलाच अमोनिया घातला, तर हे सारे एकदम बसतात आणि जस्ताचा पांढरा सल्फाइड त्या काळ्या गाळात दिसतही नाही.

शेवटच्या विधानात थोडे तथ्य आहे, हे मान्य करावे लागते. अमोनियमची परीक्षा मूळ नमुन्यातच करायची असते, कारण पुढे आपणच अमोनियम क्लोराइड घालतो. लोह फेरस आहे की फेरिक, हेही मूळ द्रावणातच पाहावे. हायड्रोजन सल्फाइड फेरिकचे फेरस करतो आणि मोकळ्या झालेल्या गंधकाने द्रावण दुधाळ होते. म्हणूनच पुढच्या गटाआधी तो वायू उकळून घालवावा आणि नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून पुन्हा उकळावे, म्हणजे लोह पुन्हा फेरिक होऊन अमोनियाने तांबूस तपकिरी अवक्षेपाच्या रूपात पूर्ण बाहेर पडते.