सदस्यत्व रद्द न झाल्याच्या तक्रारीस आमचे उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (१ तारा): “मुलांच्या गोष्टींचे मासिक सदस्यत्व घेतले होते. नोकरी बदलली, ऑफिसचा ईमेल बंद झाला. पासवर्ड बदलायची लिंक येतच नाही. शनिवारी मेल करून रद्द करा म्हणून सांगितले, तरी सोमवारी १४९ रुपये कापले. वर उत्तर काय, तर तुमचे तुम्हीच यूपीआयमधून बंद करा! पैसे घेताना काही विचारत नाहीत, सोडताना शंभर पुरावे मागतात. सरळ सरळ लूट आहे.”

महोदय,

स. न. वि. वि.

आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपले सदस्यत्व रद्द झाले आहे आणि १४९ रुपये परत पाठवले आहेत. एवढ्यावर थांबता आले असते, परंतु ‘लूट’ हा शब्द चारचौघांत लिहिला गेला आहे आणि आमच्यासारख्या घरगुती स्वरूपाच्या, दोन माणसांच्या व्यवसायाला तो शब्द पुसून काढणे सोपे नसते. म्हणून नेमके काय घडले ते सविस्तर लिहीत आहे.

प्रथम लिंकविषयी. पासवर्ड विसरल्याच्या पानावर आपण आपला नवा ईमेल लिहिला. आपले खाते मात्र जुन्या कार्यालयीन ईमेलवर होते. त्या पानावर “या ईमेलवर खाते असल्यास लिंक पाठवली आहे” असे वाक्य येते, आणि खाते असो वा नसो, ते तसेच येते. यात आमची लबाडी नाही. “असे खाते नाही” असे स्पष्ट सांगितले, तर कोणीही परक्याचा ईमेल टाकून ती व्यक्ती आमची ग्राहक आहे की नाही हे शोधू शकेल. म्हणून बहुतेक संकेतस्थळे हे वाक्य मुद्दाम मोघम ठेवतात. नव्या ईमेलवर खातेच नसल्याने लिंक निघालीच नाही, आणि आपण ती स्पॅममध्ये शोधत राहिलात. जुना ईमेल टाकला असता तर लिंक निघाली असती, पण ती बंद पडलेल्या पेटीकडे गेली असती. थोडक्यात, त्या पानावरून आपले काम होणारच नव्हते. तेथील मजकूर अधिक स्पष्ट करण्याचा आमचा विचार आहे.

त्यानंतर आपण नव्या ईमेलवर नवे खाते उघडलेत. गुंता खरा येथे वाढला. नव्या खात्यात सदस्यत्व नसल्यामुळे तेथे ‘सदस्यत्व रद्द करा’ हे बटणच दिसत नाही, आणि आपला समज झाला की आम्ही ते लपवून ठेवले आहे. आपला शनिवारचा मेलही त्याच नव्या पत्त्यावरून आला. त्यात पूर्ण नाव नव्हते, जुना ईमेल नव्हता, पैसे भरल्याचा कोणताही क्रमांक नव्हता. केवळ “माझे सदस्यत्व ताबडतोब बंद करा” एवढेच होते. त्या पत्त्यावर आम्हाला एक रिकामे, मोफत खाते दिसले. म्हणून “आपल्या खात्यावर चालू सदस्यत्व दिसत नाही, पैसे भरल्याचा तपशील कळवावा” असे आम्ही त्याच रात्री लिहिले. आपल्या अभिप्रायात या उत्तराचा उल्लेख नाही, याचे वाईट वाटले.

त्याच मेलमध्ये पुढे आम्ही लिहिले होते की तोपर्यंत पैसे जाऊ नयेत म्हणून आपल्या यूपीआय अ‍ॅपमधील ‘ऑटोपे’ विभागात जाऊन आमच्या नावाचे मँडेट रद्द करावे. आपण याला ढकलाढकल समजलात. पण या मार्गाला ना आमचा पासवर्ड लागत होता, ना तो जुना ईमेल. सदस्यत्व घेताना आपण यूपीआय पिन टाकून जी कायमची परवानगी दिलीत, ती आमच्या संकेतस्थळावर राहत नाही. ती आपल्या बँकेत आणि आपल्या यूपीआय अ‍ॅपमध्ये राहते. आम्ही दर महिन्याला त्या परवानगीच्या आधारे केवळ मागणी पाठवतो. परवानगी आपण काढून घेतलीत की आमची मागणी बँकेतूनच परत येते, मग आमच्याकडे खाते चालू दिसो वा बंद. अ‍ॅपमध्ये आपल्या प्रोफाइलवर गेले की ‘ऑटोपे’ सापडते, त्यात चालू मँडेटांची यादी असते, आमचे नाव निवडून रद्द करायचे आणि पिन टाकायचा. खात्यात शिरता न येणे आणि पैसे थांबवता न येणे या दोन वेगळ्या अडचणी आहेत. आपण पहिली सुटेपर्यंत दुसरीला हात लावला नाहीत.

आता सोमवारच्या कपातीविषयी, कारण मन दुखावले ते याच मुद्द्यावर. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी आवर्ती रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते, आणि त्या सूचनेत व्यापाऱ्याचे नाव, रक्कम व कपातीची तारीख असते. ती मिळाल्यावर तो व्यवहार किंवा संपूर्ण मँडेट नाकारण्याची सोयही ग्राहकाला असते. १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा कपातीला दर वेळी पिन विचारला जात नाही, म्हणूनच ही सूचना महत्त्वाची. आपल्याला ती रविवारी सकाळी गेल्याची नोंद आमच्या पेमेंट गेटवेवर आहे. म्हणजे शनिवारी रात्रीचे आमचे उत्तर आणि रविवारी सकाळची सूचना, दोन्ही कपातीच्या आधीची आहेत. त्या वेळी आमच्यासमोर आपले खरे खाते नव्हतेच. असते, तर आम्ही मागणी पाठवली नसती. १४९ रुपयांसाठी कोणी एक तारा ओढवून घेईल का?

‘शंभर पुरावे’ आम्ही मागितले नाहीत. एकच क्रमांक मागितला होता. नावावरून शोधता येत नाही, कारण आपल्या नावाचे आणखी ग्राहक आमच्याकडे आहेत आणि चुकीच्या घरातील गोष्टी बंद झाल्या असत्या. मोबाइल क्रमांक किंवा यूपीआय आयडीवर खाते शोधता येते, पण तो पुरावा ठरत नाही. किराणा दुकानापासून रिक्षावाल्यापर्यंत अनेकांना तो ठाऊक असतो. कार्डाने पैसे भरणाऱ्यांनाही वाटते की आमच्याकडे त्यांचे कार्ड ‘सेव्ह’ असेल. तसे नाही, १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवता येत नाही, फार तर शेवटचे चार अंक व कार्ड देणाऱ्या बँकेचे नाव दिसते.

मात्र प्रत्येक यूपीआय व्यवहाराला १२ अंकी संदर्भ क्रमांक असतो. तो बँकेच्या एसएमएसमध्ये व पासबुकातील नोंदीत येतो, आणि ज्याचे पैसे गेले त्यालाच तो साधारणपणे माहीत असतो. तोच आम्ही मागत होतो. आपण पाठवलेल्या पडद्याच्या छायाचित्रात मात्र इंग्रजी अक्षराने सुरू होणारा लांबलचक क्रमांक होता. तो आपल्या अ‍ॅपचा स्वतःचा क्रमांक असतो. आमच्या गेटवेवर तो टाकून काहीही सापडत नाही. १२ अंकी क्रमांक त्याच पानावर थोडा खाली, ‘यूटीआर’ किंवा ‘यूपीआय व्यवहार क्रमांक’ या नावाने असतो, आणि छायाचित्र नेमके त्याच्या वरच कापले गेले होते. आम्ही पूर्ण चित्र मागितले तेव्हा आपण फोनवर वापरलेली भाषा मी येथे लिहीत नाही. फोन माझ्या पत्नीने घेतला होता, एवढेच नमूद करतो.

मंगळवारी दुपारी आपण बँकेच्या एसएमएसमधील तो १२ अंकी क्रमांक पाठवलात. तो टाकताच व्यवहार सापडला, व्यवहारावरून मँडेट, आणि मँडेटवरून जुन्या ईमेलचे खाते. त्याच संध्याकाळी सदस्यत्व रद्द झाले. म्हणजे ज्या कामाला ‘दिवसेंदिवस लावले’ असे आपण फोनवर म्हणालात, ते हाती खरा धागा आल्यावर काही तासांत झाले.

आपली दुसरी मागणी, जुना ईमेल काढून तेथे नवा टाकून द्या, ही आम्ही अद्याप मान्य केलेली नाही आणि त्याचा राग आपल्याला आहे. रद्द करणे आणि खाते सोपवणे यांत फरक आहे. चुकून दुसऱ्याचे सदस्यत्व रद्द झाले, तर ते पुन्हा चालू करून देता येते. चुकून दुसऱ्याचे खाते सोपवले, तर त्यातील मुलांची नावे, वये आणि ऐकलेल्या गोष्टींची यादी परक्याच्या हाती जाते, आणि ते परत घेता येत नाही. जुना ईमेल कार्यालयाचा असल्यामुळे तर आम्हाला अधिकच जपावे लागते, कारण कर्मचारी गेल्यावर ती पेटी प्रत्येक वेळी नष्ट होतेच असे नाही. कित्येकदा तिचा मेल वरिष्ठाकडे किंवा संगणक विभागाकडे वळवला जातो. म्हणून ईमेल बदलण्यासाठी वेगवेगळ्या महिन्यांतील दोन व्यवहारांचे क्रमांक आम्ही मागतो. ते पाठवल्यास बदल करून देऊ.

एक गोष्ट संकोचाने लिहितो. आपल्या घरातील एका उपकरणावर ते जुने खाते अजूनही उघडलेले आहे. पासवर्ड न विचारता ‘रद्द करा’ हे बटण त्याच उपकरणावर, सेटिंग्जमध्ये, ‘माझे सदस्यत्व’ खाली पूर्ण वेळ उपलब्ध होते. अधिक तपशील जाहीरपणे देणे योग्य नाही. फक्त इतकी विनंती की रद्द झाल्याची खात्री होईपर्यंत तेथून लॉगआउट करू नये. लॉगआउट झाले की पुन्हा आत जाण्यासाठी तोच बंद ईमेल आडवा येतो.

ज्यांनी आमचे सदस्यत्व प्ले स्टोअरमधून घेतले आहे, त्यांच्याबाबत आमच्या हाती याहूनही कमी आहे. तेथे सदस्यत्व फोनवरील गुगल खात्याशी बांधलेले असते. आमच्याकडील ईमेल बंद झाला तरी ते प्ले स्टोअरच्या ‘सदस्यत्वे’ विभागातून रद्द होते. आणि अ‍ॅप काढून टाकले म्हणून ते थांबत नाही. आपण संकेतस्थळावरून यूपीआयने घेतले होते, त्यामुळे हे आपल्याला लागू नाही, पण हा अभिप्राय वाचणाऱ्या एखाद्याला लागू असू शकते.

सुरू झालेल्या महिन्याचे पैसे परत करण्याचा आमचा नियम नाही, तरीही आपले १४९ रुपये परत केले आहेत. ज्या बँक खात्यातून गेले त्याच खात्यात ते पाच ते सात कामकाजाच्या दिवसांत दिसतील. परताव्याचा क्रमांक आपल्या नव्या ईमेलवर पाठवला आहे. लॉगिन न करता रद्द करण्याची विनंती नोंदवता यावी अशी काही सोय लवकरच करण्याचा प्रयत्न आहे. आपण नव्याने उघडलेले मोफत खाते ठेवायचे की काढून टाकायचे, ते त्याच ईमेलला उत्तर देऊन कळवावे. आणि यूपीआय अ‍ॅपमधील ‘ऑटोपे’ यादी एकदा उघडून आमचे मँडेट ‘रद्द’ दाखवते आहे ना, हे आपणही पाहून घ्यावे. आमच्या शब्दावर विसंबू नये.

कळावे,
आपला नम्र,
संचालक