गाडीचा विमा रिन्यू करताना आयडीव्हीची पट्टी डावीकडे ओढू नका

ऑनलाइन विमा रिन्यू करताना पाच-सहा कंपन्यांचे भाव एकाखाली एक येतात आणि आपलं बोट आपोआप सगळ्यात स्वस्तावर जातं. माझं म्हणणं असं की बऱ्याचदा तो भाव स्वस्त नसतोच. त्या कंपनीने तुमच्या गाडीची किंमत कमी धरलेली असते, एवढंच. ही किंमत म्हणजे आयडीव्ही. गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर कंपनी जास्तीत जास्त तेवढेच पैसे देते. तुमच्या मॉडेलच्या आजच्या नव्या किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा करून ती ठरते. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. पाच वर्षांपुढे ती कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवायची असते. रजिस्ट्रेशनचा आणि विम्याचा खर्च तिच्यात धरत नाहीत, त्यामुळे ‘ऑन रोड’ किमतीशी ताडून बघू नका.

आता हिशोब. समजा कारची आयडीव्ही ५ लाख, त्यावर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा प्रीमियम १०,००० आणि एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट, ३५ टक्के. म्हणजे भरायचे ६,५००. साइटवर आयडीव्ही कमी-जास्त करायची पट्टी असते, ती डावीकडे ओढून आयडीव्ही सव्वाचार लाखांवर आणली की प्रीमियम साधारण ८,५०० होतो, एनसीबी जाऊन ५,५२५. जीएसटी धरून वाचले जेमतेम साडेअकराशे. थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा प्रीमियम सरकारने इंजिनच्या सीसीप्रमाणे ठरवलेला असतो, तिथे एनसीबीही लागत नाही आणि आयडीव्हीने काही फरकही पडत नाही.

गाडी चोरीला गेली तर ७५ हजारांचा फटका, हे कुणालाही कळतं. न कळणारी गोष्ट वेगळीच आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे पार निकामी धरतात. ५ लाखांना ही रेषा पावणेचार लाखांवर येते, सव्वाचार लाखांना सुमारे ३ लाख १९ हजारांवर. मोठ्या अपघातात गॅरेजचं एस्टिमेट ३ लाख ३० हजार आलं, तर पहिल्या पॉलिसीत गाडी दुरुस्त होऊन दारात येईल. दुसऱ्या पॉलिसीत ती टोटल लॉस ठरेल, हातात जास्तीत जास्त सव्वाचार लाख पडतील आणि तेवढ्यात तशीच गाडी बाजारात शोधत फिरायचं. म्हणून भाव बघताना आधी सगळ्या कंपन्यांना एकच आयडीव्ही लावा, मग तुलना करा. तेव्हा क्रम बऱ्याचदा पालटतो.

दुसरी मेख एनसीबीच्या रकान्यात. बहुतेक फॉर्म ‘मागच्या पॉलिसीतला एनसीबी’ विचारतात. जुन्या पॉलिसीवर २५ छापलंय आणि वर्षभर क्लेम नाही, तर २५च टाकायचे. साइट पुढची पायरी स्वतः धरते आणि ३५ देते. पायऱ्या २०, २५, ३५, ४५, ५० अशा आहेत. लोक ‘यंदा मला ३५ मिळणार’ म्हणून ३५ टाकतात, साइट ४५ देते आणि प्रीमियम आणखी हजाराने उतरतो. सगळे खूश! पण नवी कंपनी जुन्या कंपनीकडे खातरजमा करू शकते. माहिती खोटी निघाली तर ओन डॅमेजचे सगळे फायदे जप्त होतील, असं तुमच्याच नावाने एनसीबीच्या डिक्लरेशनमध्ये लिहिलेलं असतं. क्लेम घेतला असताना ‘नाही’वर टिक करणाऱ्यांचीही तीच गत. सेकंड हँड गाडी घेतली असेल तर जुन्या मालकाचा एनसीबी तुमचा नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही.

पॉलिसी नंबर जुन्या पीडीएफवरून कॉपी करा, स्लॅश, शून्यं सगळं जसंच्या तसं. नवी घेतलेली गाडी असेल तर थर्ड पार्टी कारला तीन आणि दुचाकीला पाच वर्षांची एकदम निघालेली असते, तेव्हा दुसऱ्या वर्षी फक्त ओन डॅमेज घ्यायचं. अशा वेळी दोन पॉलिसी नंबर आणि दोन वेगळ्या मुदती असू शकतात. कुठल्या रकान्यात कुठला, ते बघून टाका.

मुदत संपल्यावर गेलात तर ओन डॅमेजसाठी गाडीची तपासणी मागतात, हल्ली मोबाइलवर व्हिडिओ काढून. ९० दिवस उलटले तर एनसीबी शून्य, मग ५० टक्के जमवलेला असला तरी. आणि पैसे भरल्यावर आलेल्या पीडीएफमध्ये आयडीव्ही, एनसीबी आणि चासी नंबर आरसीशेजारी ठेवून त्याच दिवशी वाचा. चूक दिसली तर लगेच कंपनीला लेखी कळवून एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतली दुरुस्ती मागून घ्या, क्लेमच्या दिवशी ती दुरुस्त होत नाही.