विभीषणाने नेमके काय केले?

“कुंभकर्णाला भावाची चूक दिसत होती, तरी तो भावासाठी मेला, तोच खरा भाऊ. विभीषण घरभेदी. नाभीतल्या अमृताचे गुपित फोडून त्याने सख्खा भाऊ मारवला आणि लंकेची गादी घेतली. चूक असो वा बरोबर, आपल्या माणसाची साथ सोडू नये, हाच धर्म.”

नाभीतले अमृत वाल्मीकींच्या युद्धकांडात नाही. तेथे मातली हा सारथी रामाला ब्रह्मास्त्राची आठवण करून देतो आणि त्या अस्त्राने रावण पडतो. विभीषण त्या क्षणी काहीच सांगत नाही. अमृताची कथा अध्यात्मरामायणात आणि तुलसीदासांच्या रामचरितमानसात येते, तीच आपल्याकडे कीर्तनातून घरोघर पोहोचली आहे. मात्र एवढ्यावर विभीषणाची सुटका होत नाही. निकुंभिलेत वडाखाली इंद्रजिताचा होम पुरा झाला तर तो अजिंक्य होईल, हे त्यानेच सांगितले आणि लक्ष्मणाला तेथवर त्यानेच नेले. ज्यांना दोष द्यायचा आहे त्यांनी तो येथे द्यावा.

कुंभकर्ण मुकाट्याने भावामागे गेला नाही. सीतेला आणण्यापूर्वी आम्हाला विचारायला हवे होते, असे त्याने भर सभेत रावणाला सुनावले, आणि त्याच दमात, तुझी चूक मी शत्रूला मारून निस्तरतो, असे वचनही दिले. म्हणजे दोन्ही भावांना अन्याय दिसला आणि दोघांनीही तो तोंडावर बोलून दाखवला. फरक त्यानंतरचा आहे. कुंभकर्णाने निष्ठा राखली, पण ती राखताना सीता अशोकवनातच राहिली. कुंभकर्णाच्या मरणाने माझाही जीव हळहळतो. मात्र त्या हळहळीच्या हिशेबात सीतेला कोठेच जागा नसेल, तर त्याला धर्म म्हणताना माझी जीभ अडखळते.

विभीषण निघून गेला, हेही अर्धेच सत्य आहे. सीतेला परत दे, असे तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. शेवटी रावणाने त्याला कुलाला कलंक म्हटले. दुसरा कोणी असे बोलता तर या क्षणी जिवंत राहिला नसता, असेही ऐकवले. त्यानंतर विभीषण चार राक्षसांसह बाहेर पडला. जाताना तो म्हणाला, सतत गोड बोलणारी माणसे सहज मिळतात. कडू पण हिताचे बोलणारा आणि ते ऐकणारा, दोघेही दुर्मिळ.

गादीचा आरोप मात्र खोडून काढता येत नाही, आणि मी तसा प्रयत्नही करणार नाही. वालीचा वध आणि सुग्रीवाचा राज्याभिषेक पाहून हा राज्याच्या इच्छेने आला आहे, असे हनुमानच रामाला सांगतो, आणि रामही ते नाकारत नाही. सगळेच भाऊ भरतासारखे नसतात, हे रामाचे वाक्य याच प्रसंगातले आहे. कवीने हेतूची भेसळ लपवलेली नाही. परंतु हेतूत राज्याची इच्छा मिसळली म्हणून, सीतेला परत दे, हे म्हणणे खोटे ठरत नाही.

आता ‘आपल्या माणसा’विषयी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी रामायणाच्या पारायणात इंद्रजित-विभीषणाचा संवाद आला की मंडपात बसलेल्यांपैकी निम्मे लोक इंद्रजिताच्या बाजूने मान डोलावतात. सीमाभागात राहणाऱ्यांना आपला आणि परका हे शब्द रोज लागतात, हे मी समजू शकतो. इंद्रजित म्हणतो, परका गुणवान असो आणि स्वजन निर्गुण असो, तरी स्वजनच बरा. परका तो परकाच. वर दिलेला दावा जवळजवळ शब्दशः हाच आहे, आणि कवीने तो इंद्रजिताच्या तोंडी घातला आहे. त्यावर विभीषणाचे उत्तर असे की परधनाचे हरण, परस्त्रीवर हात टाकणे आणि हितचिंतकांवर संशय हे तीन दोष नाशाला नेतात. तो नाते नाकारत नाही. ते कशासाठी वापरले जात आहे, एवढेच तो पाहतो.

याच लढाईत पुढे तो वानरांना सांगतो की पुतण्याला मारणे मला शोभत नाही. मारायला जावे तर डोळे पाण्याने भरतात, म्हणून हे काम लक्ष्मणच करील. घरभेद्याची म्हणून जी मूर्ती आपण डोळ्यांपुढे उभी करतो, तिच्या डोळ्यांत हे पाणी नसते.

रावण पडल्यावर विभीषणाने विलाप केला. तरीही, परस्त्रीला हात लावणाऱ्याचे अंत्यसंस्कार मी करणार नाही, असे तो प्रथम म्हणाला. वैर मरणापर्यंतच असते, आता तो जसा तुझा तसाच माझाही, असे रामाने सांगितले, तेव्हा विभीषणाने भावाच्या चितेला अग्नी दिला, स्नान केले आणि ओल्या वस्त्राने तीळ व दर्भ घेऊन त्याला पाणी दिले.