चाइल्ड बिअर आणि महिला दीन

"दादा, तू तिकडे गोऱ्यांच्यात राहतोस, खरं सांग, आपल्या पाट्यांवरचं इंग्लिश बघून ते लोक आपल्याला हसतात का?"
(मावसभाऊ, फॅमिली ग्रुपवर, 'चाइल्ड बिअर'वाल्या पाटीचा फोटो टाकून)

फारसे नाही रे, कारण ते मीम त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. मी इथे कार्डिफला आल्यापासून असले जेवढे फोटो मला आलेत ते सगळे आपल्याच लोकांनी पाठवलेत, एकही गोऱ्याने नाही. मी एकदा हौसेने तो बिअरवाला फोटो ऑफिसात दाखवला तर एक जण हसला, बाकीच्यांनी "अच्छा, थंड बिअर म्हणायचंय होय" म्हणून मान डोलावली आणि कामाला लागले. मलाच ओशाळल्यासारखं झालं.

पण तो फोटो नीट बघ. पेंटरला लिहायचं होतं चिल्ड. आता तो निखिल लिहितो, मिलिंद लिहितो, शिल्पा लिहितो, सगळीकडे 'आय' म्हणजे ऱ्हस्व इ. मग चिल्ड म्हणजे सी-एच-आय-एल-डी, त्याच्या हिशोबाने शंभर टक्के बरोबर! घोळ इंग्लिशचा आहे. त्यांच्याकडे चाइल्ड, माइल्ड, वाइल्ड असे शब्द आहेत, तिथे एल-डीच्या आधीचा स्वर फार पूर्वी लांबला आणि पुढे त्याचा 'आइ' झाला, पण चिल्ड्रनमध्ये तिसरं व्यंजन आडवं आलं म्हणून तो लांबलाच नाही. म्हणजे एक पोर असलं की चाइल्ड आणि दोन झाली की चिल्ड्रन, आणि वर आपण पेंटरला हसणार.

आणि त्याच पाटीवर समजा 'बिअर'चं स्पेलिंग चुकून काहीतरी अर्थ नसलेलं झालं असतं, तर कुणी फोटोसुद्धा काढला नसता. नुसती चूक हसवत नाही. चूक घसरून दुसऱ्या खऱ्याखुऱ्या शब्दावर पडावी लागते, आणि पडल्यावर वाक्य तरीही व्याकरणात बसावं लागतं, मग डोक्यात दोन्ही अर्थ एकदमच येतात, एक जो म्हणायचा होता आणि एक जो बोर्डाने म्हटला. त्यात बोर्डाचा चेहरा गंभीर. डोळा मारत नाही, सॉरी म्हणत नाही, लाल-पिवळ्या ऑइलपेंटमध्ये वर्षानुवर्षं तेच सांगत उभा. पुणेरी पाटीची गंमत वेगळी, तिथे लिहिणाऱ्याला माहीत असतं की तो तुम्हाला टोमणा मारतोय, आपण त्याच्या हुशारीला दाद देतो. इथे लिहिणाराच गाफील, म्हणून जास्त मजा.

तुम्ही म्हणाल हे इंग्लिशचं झालं. बरं, मग दर मार्चमध्ये लागणारे 'जागतिक महिला दीन'चे फ्लेक्स आठवा. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे बिचारा, गरीब. तेच झालंय, चूक सरळ दुसऱ्या शब्दावर जाऊन पडली, आणि अर्थ तर असा की कार्यक्रमाचीच वाट लागली. आणि इथेही फ्लेक्सवाल्याचा कान बरोबरच आहे बरं का. मराठीत मीठ, पीठ, फूल अशा शब्दांत शेवटच्या अक्षराच्या आधीचं दीर्घ लिहायचं, आणि बोलताना आपण दिनही तसाच ओढतो. पण दिन, गुण, विष हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेत म्हणून ऱ्हस्व. अपवाद माहीत नसला की पकडला गेलास. तरी 'दीन'चा फोटो फार तर दोन-चार मराठीच्या शिक्षिका शेअर करतात आणि 'चाइल्ड'चा सगळं गाव करतं, ते का?

हे मी ग्रुपवर लिहिलं तर पुण्यातला एक मित्र तापलाच, की हा सगळा न्यूनगंड, दीडशे वर्षांची गुलामी, आपण साहेबाच्या नजरेने आपल्याच माणसाला हसतो. अर्धं पटतं मला. इंग्लिश येणं हा आपल्याकडे जिना आहे, आणि एक पायरी वर चढलेल्याला खालच्याकडे बघून हसायला आवडतंच. पण सगळं तेच असतं तर इथे वेल्समध्ये जे चालतं त्याचं काय करायचं?

माझ्या ऑफिसात एक बाई आहेत, घरी वेल्श बोलणाऱ्या. इथे रस्त्याच्या पाट्या इंग्लिश आणि वेल्श दोन्हीत असतात. त्यांनी मला सांगितलेला किस्सा २००८ सालचा, स्वानसीचा. कौन्सिलला पाटी करायची होती, 'अवजड वाहनांना प्रवेश नाही, फक्त रहिवासी भाग'. इंग्लिश मजकूर भाषांतरासाठी ईमेलने पाठवला, लगेच वेल्शमध्ये उत्तर आलं, ते उचलून पाटीवर छापलं आणि पाटी ठोकून मोकळे. त्या वेल्शचा अर्थ होता, 'मी सध्या ऑफिसमध्ये नाही, भाषांतराचं काम असेल तर पाठवून द्या'! भाषांतरकाराचा ऑटो-रिप्लाय होता तो. त्याच्या दोन वर्षं आधी कार्डिफजवळच 'सायकलवरून उतरा'च्या जागी मूत्राशयाच्या दाहाबद्दल काहीतरी लागलं होतं, कारण इंग्लिशमध्ये सायकलस्वार आणि तो आजार हे शब्द दिसायला जवळपास सारखे.

हे सांगताना बाईंच्या डोळ्यातून पाणी येत होतं हसून. आता इथे साहेब कोण? चुकली ती सरकारी यंत्रणा आणि हसले ते ज्यांची भाषा शाळेतून हुसकावली गेली होती ते. माझ्या मते त्या हसण्याला धार होती आणि ती योग्य ठिकाणी लागली, कारण पाटीवर दिसलं की आमची भाषा यांना फक्त जागा भरायला लागते, वाचायला कुणी नाही. आपल्याकडे मराठी पाट्यांचा वाद होतो तेव्हा अक्षर केवढं मोठं आणि वर की खाली यावर सगळा जोर असतो, कायदा झाला, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, पण त्या मोठ्या अक्षरात काय लिहिलंय ते वाचतो कोण? मित्राचं म्हणणं, आधी पाटी लागू दे मग ऱ्हस्व-दीर्घ बघू. त्याचंही चुकीचं आहे असं मला छातीठोक म्हणता येत नाही.

आत्याचा मात्र भलताच समज झाला, तिला वाटलं मी पाट्या तपासून देतो, तिने सोसायटीच्या लिफ्टमधली नोटीस पाठवून "बघ रे बरोबर आहे का" विचारलं. बरोबर होती. कंटाळवाणी, एकदम बरोबर.

एक सांगायचं राहिलं, आता निम्मे फोटो बनावट असतात. खऱ्या पाटीवर चूक एखादीच असते, बाकी वेळ, नंबर, प्रोप्रायटरचं नाव सगळं साधं सरळ. दर ओळीत जोक असेल तर कुणीतरी घरी बसून केलाय. आणि झूम करून बघ, बोर्डावर धूळ आहे, वरून गेलेल्या वायरीची सावली पडलीय, पण अक्षरांवर ना धूळ ना सावली, तर समजून जा. बनावट आहे कळलं की हसूच येत नाही मला, तोच शब्द, तोच जोक, पण गाफील माणूसच गायब.

आणि खऱ्या पाटीत तो माणूस असतोच. तुझ्या फोटोत खाली त्याचा मोबाईल नंबर आहे, दहाच्या दहा आकडे वाचता येतायत. ग्रुपमधल्या कुणीतरी रात्री फोन करून "लहान बिअर आहे का" विचारलं म्हणे, आणि त्याखाली अकरा जणांनी हसरे चेहरे टाकलेत. मी पुढे पाठवला तेव्हा खालचा भाग कापून पाठवला, तूही तुझा काढून टाक आणि कापलेला टाक, चाइल्ड बिअर तेवढीच दिसते.